आत्ता नाना बसले आहेत

धुळ्याच्या भाजीबाजारात हिरवी, पोपटी, हातभर लांबीची वांगी दिसू लागली की माझ्या पोटात दोन गोष्टी एकदम होतात. एक भूक. दुसरीचं नाव मला अजून सापडलेलं नाही. यंदाही ती वांगी आली. गोणपाटावर शहाण्या बाळांसारखी ओळीनं निजलेली, पांढरट रेघा अंगावर घेऊन. भाजीवाली म्हणाली, "घ्या बाबा, भरताची शेतस, बी नही एक." मी एक उचललं, हातात तोललं आणि परत ठेवलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मी कुणाच्या पोराला कडेवर घेऊन पुन्हा जमिनीवर सोडलंय.

वांगं विकत घ्यायची मला सवयच नाही. भरीत मी आयुष्यभर फुकट खाल्लं, तेही मळ्यावर. नशिराबादच्या अलीकडे नानांचा मळा. नाना म्हणजे माझे मेहुणे, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. आम्ही मूळचे सोनगीरचे. अक्का लग्न होऊन भुसावळला गेली ती थेट रेल्वे कॉलनीत, कारण नाना मालगाडीवर गार्ड होते. निवृत्तीनंतर त्यांनी मळा हाती घेतला, आणि थंडी पडली, की तिथं भरीत पार्टी ठरलेली. कपाशीची वेचणी संपलेली असते, वाळलेल्या काड्यांचे भारे बांधाला लागलेले असतात. त्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, वर हिरव्या मिरचीचा, लसणाचा, कांद्याच्या पातीचा जाळ. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जेवून उठलेला माणूस पुढं काही दिवस तरी लेखन-वाचनाच्या कामाचा राहत नाही.

मी मात्र जेवणाआधी लेखन-वाचन उरकून घेत असे. माझी ओळख द्यायची तर पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून, आणि प्रसंगकवी. म्हणजे प्रसंग असला, की कवी. सेवानिवृत्ती, षष्ट्यब्दी, दुकानाचं उद्‌घाटन, बारसं, दहावा, तेरावा. आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं आणि मी समाचाराला गेलो, तर घरची माणसं आधी माझ्या खिशाकडे बघतात. शोकसभांच्या कविता मी इतक्या पाडल्या आहेत, की त्यांचा साचा माझ्या हातात बसलाय. रसवंतीवाल्याचा हात जसा न बघता ऊस घालतो, तसा. "ते यायचे, ते म्हणायचे, ते हसायचे." एकदा हे "-यचे" सुरू झालं, की माणूस आपोआप सद्गुणी होतो आणि श्रोते आपोआप रुमाल काढतात. मराठीतला हा काळ मोठा दयाळू आहे. एकदाच घडलेली गोष्टही तो रोजची करून टाकतो. एखादा गृहस्थ जन्मात एकदा चुकून हसला असला, तरी "ते हसायचे" म्हटलं, की आख्खं आयुष्य हसतमुख.

तर बरं का, ही झाली पार्श्वभूमी. आता पराक्रम.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणणं बरोबर नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, शब्दही आत आहेत, बाहेर यायचं दार तेवढं अडकलंय. त्या दारातून एकच शब्द येत-जात राहिला. "मग."

हा शब्द का उरला, ते मला ठाऊक आहे, पण त्यासाठी नानांच्या गोष्टी सांगण्याची तऱ्हा सांगायला हवी. नाना गोष्ट सांगायचे ते (बघा, आलंच "-यचे") अगदी गाडी हलावी तसे. सुरुवात सावकाश, भूतकाळात. "त्या साली बापा असं झालं. गाडी बोदवडच्या पुढं उभी होती. सिग्नल नव्हता. मी ब्रेकव्हॅनमधून खाली उतरलो." इथपर्यंत सगळं झालेलं, गेलेलं, निवांत. मग एकदम रूळ बदलायचा. "अन् काय सांगू, माकड येतं! व्हॅनमध्ये शिरतं. माझा लाल झेंडा उचलतं. टपावर चढतं अन् हलवतं की बापा झेंडा!" आता माकड तिथंच, आमच्या पुढ्यात. नाना दोन्ही हात वर करून झेंडा हलवताहेत, आम्ही जेवायचे थांबलेलो. नाना गप्प होतात. मुद्दाम. पाणी पितात. कुणीतरी न राहवून विचारतं, "मग?" आणि ते "मग" मिळाल्याशिवाय नानांची गाडी हलत नसे. मिळालं, की पुन्हा भूतकाळात उतरायचे, ब्रेक लावत. "मग काय. ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली. माझा झेंडा गेला, तो गेलाच."

हा शब्द खरं तर आमचा होता, ऐकणाऱ्यांचा. तोच त्यांच्याकडे राहिला. सकाळी उठवलं, की "मग". चहा दिला, की "मग". मी धुळ्याहून गेलो, तर दारात बघून, वेगळ्या सुरात, "मऽग!" एका शब्दात किती सूर मावतात, ते अक्कालाच कळे. वाचा शिकवायला एक बाई येत. चित्रं दाखवत. पेला, घर, गाय. नाना प्रामाणिकपणे ओठ हलवत, घामाघूम होत, आणि शेवटी निघे ते "मग"च. पण ते हटत नसत. बाई म्हणाल्या होत्या, प्रयत्न चालू राहिला, तर आणखी शब्द येतील. बंद पडला, तर आहे तोही जाईल. अक्का त्या वाक्यावर जगत होती. सोनगीरच्या देवीला तिनं काय काय नवस बोलले असतील, ते देवी जाणे.

त्या हिवाळ्यात पार्टी होणार नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. अक्कानं ठरवलं, होईल. नानांना गाडीत घालून मळ्यावर नेलं. निंबाखाली खुर्ची मांडली, त्यांना मफलर, टोपी, मांडीवर शाल, आणि ती स्वतः कमरेला पदर खोचून जाळाशी. नानांचे जुने रेल्वेतले सोबती आले होते, शेजारच्या मळ्यातले आले होते. आणि मी, खिशात कविता घेऊन.

ती कविता मी मोठ्या प्रेमानं लिहिली होती, हे आधी नोंदवून ठेवतो. प्रेम होतं, हात मात्र साच्याचा. उभा राहिलो, घसा साफ केला.

थंडी पडली की नाना मळ्यावर यायचे,
काड्या पेटण्याआधी त्यांची हाक पेटायची.
वांग्यांना नावं ठेवत, माणसांना वांगी वाढत
हसत हसत साऱ्यांना जेवू घालायचे.

मळा आहे. धूर आहे.
थंडी वेळेवर आली आहे.
हाक तेवढी येत नाही.

वाचून संपलं आणि शांतता पसरली. अशी शांतता मला ओळखीची. ती यशाची असते. दोघातिघांनी नाकं ओढली. मी मान खाली घालून नम्रपणे उभा राहिलो, शोकसभेत उभा राहतो तसा. तेवढ्यात पारोळ्याचे आबा, नानांसोबत नोकरी केलेले, उशिरा पोचलेले आणि मागं उभे राहून ऐकलेले, चपला काढून थेट जाळाशी अक्कासमोर गेले. हात जोडले. गहिवरून म्हणाले, "कधी झायं अक्का? आमले कोनी सांगं बी नही."

अक्कानं हातातलं वांगं जाळात ठेवलं. उठली. आबांचे खांदे धरून त्यांना फक्त निंबाकडे वळवलं. आबांनी खुर्चीतल्या माणसाला पाहिलं आणि त्यांच्या तोंडातून, देवाची शपथ, किंकाळी निघाली. सगळे हसले. मीही हसलो. एवढा मोठा फजितीचा प्रसंग आणि हसू येऊ नये, इतका मी कोडगा नाही.

मग अक्का माझ्याकडे आली. माहेरची बोली ती फक्त चिडली, की बोलते, म्हणजे माझ्याशी कायमच. "भाऊ, तुना मेव्हना आठे बशेल शे. तू कोनं वाची ऱ्हायना?" इथं बसलाय तो. तू कुणाचं वाचतोयस?

मी म्हणालो, "अक्का, मी कुठं 'गेले' म्हणालो? शब्द दाखव कवितेत."

"शब्द नको दखाडू माले," ती म्हणाली. "बठ्ठासनी आयकं. त्यानी बी आयकं."

सगळ्यांनी ऐकलं होतं आणि त्यानंही. मी निंबाकडे पाहिलं. नाना आमच्याकडे बघत नव्हते. ते जाळाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते. जेवताना "मग" आलं नाही. निघताना मी पाया पडलो, तेव्हाही नाही. पुढल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. वाचेच्या बाई आल्या, की नाना भिंतीकडे तोंड करतात. चित्रांकडे बघत नाहीत. तो एक शब्दही बंद आहे.

मी आयुष्यात बऱ्याच वेंधळेपणाच्या गोष्टी केल्या आहेत. एका सेवानिवृत्तीला चुकून तेराव्याची कविता वाचली होती. साहेबांना ती इतकी आवडली, की फ्रेम करून घेतली. त्या गोष्टी मी रंगवून सांगतो, हशा मिळतो. ही मी कुणाला रंगवून सांगितली नाही. त्या हिवाळ्यात धुळ्याच्या घरात मी ती कविता पुढ्यात घेऊन बसे आणि तिचं काय चुकलं, ते शोधत राही. खरंच, "मेले" असं कुठंच नव्हतं. मग आबांना कुठून कळलं?

हळूहळू दिसलं. कवितेत दोन काळ होते. पहिल्या कडव्यात तेव्हाचा, दुसऱ्यात आत्ताचा. तेव्हाच्या कडव्यात नाना खूप काही करत होते. येत होते, हाक मारत होते, वाढत होते. मग कविता आत्ताकडे परत आली. येताना तिनं मळा आणला, धूर आणला, थंडी आणली. नानांना तेवढं तिकडेच सोडून आली. आठवणीत जाऊन परतणारी कविता ही सहलीच्या गाडीसारखी असते. परतल्यावर माणसं मोजली जातात. जो उतरत नाही, तो गेला. त्यासाठी निराळा शब्द लागत नाही. शोकसभांना हीच युक्ती मी बिनदिक्कत वापरत आलो होतो. तिथं ती बरोबर होती, कारण तिथं खुर्ची खरोखर रिकामी असे. शिवाय नाना समोर बसलेले असताना मी त्यांच्याविषयी बोललो, त्यांच्याशी नाही. "नाना यायचे." माणसाच्या देखत त्याच्याविषयी असं बोलायची आपल्याकडे एकच वेळ असते, आणि तेव्हा तो आडवा असतो.

झालं. रोग कळला म्हणजे मी लगेच वैद्य. सगळे "-यचे" काढून टाकले आणि सगळं वर्तमानकाळात केलं. "नाना मळ्यावर येतात, हाक मारतात, वांगी वाढतात." अक्काला फोनवर ऐकवलं. उत्साहानं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती विरेपर्यंत अक्का थांबली आणि म्हणाली, "कोठे मारस तो हाक? पानी पाहिजे तरी बोट दखाडस. माले चिडावस का तू?"

आता मेला म्हणालो, तरी पंचाईत आणि धडधाकट म्हणालो, तरी पंचाईत. पहिल्या कवितेत मी आजारी माणसाला पोचवलं होतं, दुसरीत त्याचा आजारच नाकारला होता. तिला तिच्या नवऱ्याचं खरं आजपण हवं होतं. वाकडं, मुकं, पण आज. ते मला सुचत नव्हतं, कारण त्या आजकडे मी बघतच नव्हतो. मळ्यावर गेलो, तेव्हा पाया पडून आधी काड्यांच्या भाऱ्याकडे वळलो होतो. खुर्चीशेजारी बसलो नव्हतो.

म्हणून मी भुसावळला गेलो आणि काही दिवस राहिलो. कवितेसाठी म्हणून नव्हे असं म्हटलं, तर कुणी विश्वास ठेवणार नाही, तेव्हा कवितेसाठीच. सकाळी नानांची खुर्ची अंगणात, माझी शेजारी. औष्णिक वीजकेंद्राकडच्या अंगाला आभाळ कायम जरा मळकट, त्यातून कोवळं ऊन. नाना काय करतात, ते बघत बसायचं. काही करत नाहीत, असं मला वाटे. ते तसं नव्हतं. दूर यार्डात गाडीचे डबे जोडले गेले, की त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलत. शेजारणीनं चूल पेटवली, धूर आला, की ते डोळे मिटत आणि बराच वेळ उघडत नसत. धूर गेला, तरी. मिटल्या पापण्यांच्या आत काहीतरी फिरत असे. कुठं जात असतील? मला वाटलं, हा माणूस दिवसातून कितीदा तरी मळ्यावर जाऊन येतो. आपल्याला तिकीट काढावं लागतं, तो धुरावर जातो.

आणि तिथं तो "यायचा" नाही. तिथं तो येतो. माकड येतं, तसा. नानांची गोष्ट सांगायची तऱ्हा तेव्हा मला आठवली आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारावीशी वाटली. इतकी वर्षं मी "मग? मग?" करत त्यांच्यासमोर बसलो, पण ते काय करत होते, ते बघितलं नाही. आठवणीच्या ऐन गाभ्यात ते वर्तमानकाळात शिरत. त्याआधी पायरी ठेवत, म्हणजे ऐकणारा ठेचकाळत नसे. आणि बाहेर पडतानाही पायरी ठेवत. माझ्या दुसऱ्या कवितेत पायरीच नव्हती. मी एकदम आत उडी मारली होती, म्हणून अक्काला ती थट्टा वाटली. दोन्ही ठिकाणी वर्तमानकाळ चालतो. मधे उंबरा लागतो, एवढंच. "त्या साली" म्हणायचीही गरज नाही. जी वस्तू दोन्हीकडे आहे, तीच उंबरा होते. धूर दोन्हीकडे होता.

कविता अशी झाली.

आत्ता तू खुर्चीत बसला आहेस.
वारा फिरतो, धूर तुझ्याकडे येतो,
तू डोळे मिटतोस —

आणि काड्यांचा भारा ओढत बांधावरून येतोस.
हाक मारतोस, मळ्यामळ्यांतून माणसं वळतात.
वांगं उलटतोस नुसत्या बोटांनी,
बोटांवर फुंकर, विस्तवाला शिवी,
मुसळी उचलतोस —

वारा फिरतो. तू डोळे उघडतोस.
डावा हात मांडीवरून उचलतोस, डोळे पुसतोस.
मी तुला उगाच "होता" म्हणालो होतो.

हिच्यात भूतकाळ एकाच ओळीत आहे, शेवटच्या, आणि तो माझा आहे. चूक माझी, ती झाली, गेली. नाना दोन्हीकडे वर्तमानात. तिकडे मोठी क्रियापदं, इकडे लहान. मिटतोस, उचलतोस, पुसतोस. पण क्रियापदंच. करणारा तोच. परतीच्या गाडीतून उतरणारा पहिला माणूस तो. आणि "तुम्ही" म्हणणारा मी कवितेत "तू"वर आलो, याचं मला भय वाटत होतं. मेहुणा वयानं मोठा. पण कवितेत देवाला आणि जिवलगाला "तू"च म्हणतात, बाकीच्यांसाठी निमंत्रणपत्रिकेतलं "आपण".

अंगणात वाचली. अक्का उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. नानांनी पहिल्या ओळीला माझ्याकडे पाहिलं. "डोळे मिटतोस"ला त्यांनी खरंच मिटले. मधलं कडवं मी त्यांच्या मिटल्या डोळ्यांना वाचलं. "शिवी"पाशी ओठाचा डावा कोपरा हलला. संपलं. मी कागद घडी करू लागलो.

नाना म्हणाले, "मग?"

अक्काच्या हातातलं सूप कलंडलं. तो नुसता आवाज नव्हता, प्रश्न होता. कविता मी वर्तमानकाळात सोडली होती. तिथं सोडलेली गोष्ट संपत नाही, आणि माणूस रास्तच विचारत होता, पुढं काय? पुढं काय ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "पुढचं कडवं लिहून आणतो नाना."

"मग," ते म्हणाले. आण म्हणे.

चित्रांकडे ते पुन्हा बघू लागले. वर्षभरात "चा" आला. "चहा"तला अर्धा. एकदा स्पष्ट "अक्का" आलं, आणि ते ऐकून आमची अक्का मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच. मी काही पुढचं कडवं लिहिलं नाही. सुचत होतं, राहत होतं. पुढला हिवाळा पार्टीविनाच गेला, थंडीत त्यांना बाहेर काढू नका, असं डॉक्टर म्हणाले. आणि यंदा आषाढात, दुपारी, त्याच खुर्चीत, नाना गेले. झोप लागली असं अक्काला वाटलं. डोळे मिटलेलेच होते.

दहाव्याला सगळे माझ्या खिशाकडे बघत होते. मी काही वाचलं नाही. ती पहिली कविता मात्र घरी सापडली. तिच्यात आता एक अक्षरही बदलायची गरज नव्हती. मळा आहे, धूर आहे, हाक येत नाही. बिनचूक. लिहिली, तेव्हा खोटी होती आणि तिनं नुसती वाट बघितली. मी ती फाडली. फाडून काही होत नाही, हे फाडतानाही कळत होतं.

मग थंडी पडली, वांगी आली, आणि अक्काचा फोन. "ये भरीतले. ती कविता लई ये."

"कोणती घेऊन येऊ?" मी विचारलं.

"खुर्चीवाली."

खुर्चीवाली! मला वाटलं, ही बाई मला पुन्हा फासावर देते आहे. पहिलीच ओळ "आत्ता तू खुर्चीत बसला आहेस." लिहिताना मला वाटलं होतं, की "आत्ता" म्हणजे भुसावळचं ते अंगण, ती सकाळ. पण कवितेतला "आत्ता" लिहिणाऱ्याजवळ थांबत नाही. वाचणारा जिथं वाचेल, तिथं तो उभा राहतो, पुन्हा पुन्हा, नव्यानं. आता तो मळ्यावर उभा राहणार, निंबाखालच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवत. पारोळ्याचे आबा असणार. ते खुर्ची शोधणार.

म्हणून मी दुरुस्ती केली. "त्या वर्षी तू खुर्चीत बसला होतास. धूर आला, तू डोळे मिटलेस." आजचा भाग भूतकाळात ढकलला. मधलं कडवं हलवलं नाही, ते वर्तमानातच राहू दिलं. आणि वाचून बघितलं, तर भलताच प्रकार झाला होता. खुर्चीतले नाना, परवापरवाचे, लांब गेले. भारा ओढत येणारे नाना, जुने, जवळ आले. काल हा परवापेक्षा दूर. मला ते चमत्कारिक वाटलं. मग वाटलं, की मरणानं केलं आहे ते नेमकं हेच. आजारातले दिवस ते आधी पुसतं.

मळ्यावर माणसं कमी होती. आबा आले होते, वेळेच्या आधी, यंदा बिचारे काही चुकवायला तयार नव्हते. अक्का जाळाशी बसली होती. मुसळी दुसऱ्या कुणाच्या हातात होती आणि तो ती नीट, बेतानं, शिव्या न देता चालवत होता. भरीत चांगलं होणार नाही, हे तेव्हाच कळलं.

अक्का म्हणाली, "वाच."

मी सुरू केलं. "त्या वर्षी तू खुर्चीत बसला होतास..."

"थांब," अक्का म्हणाली. वर न बघता. "लिखेल शे तसंच वाच."

"अक्का, आता तसं कसं..."

"मी सांगस ना. तसंच."

जसं लिहिलंय तसं. मी पुन्हा सुरुवात केली. "आत्ता तू खुर्चीत बसला आहेस." आबांनी निंबाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तिथं कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. वारा फिरतो म्हणालो, तेव्हा वारा फिरला नाही, धूर सरळ वर जात राहिला. निसर्ग प्रसंगकवींना साथ देत नाही. तू डोळे मिटतोस म्हणालो, आणि अक्कानं मिटले. मी मधल्या कडव्यात शिरलो. भारा, हाक, वळणारी माणसं. मळ्यातली माणसं हळूहळू निंबाकडून नजर काढून बांधाकडे बघू लागली, जिकडून तो येत होता. बोटं, फुंकर, शिवी. अक्का हसली. डोळे मिटूनच. "मुसळी उचलतोस," मी वाचलं आणि पुढच्या ओळीसाठी श्वास घेतला. ती ओळ डोळे उघडायची होती. तिच्यानंतर डावा हात, मांडी, आणि माझी कबुली, म्हणजे परतीचा सगळा रस्ता.

"बस," अक्का म्हणाली. अगदी हळू. "आठेच ऱ्हाऊ दे."

"शेवट राहिलाय अक्का."

"ऱ्हाऊ दे त्याले तठे."

मी कागद घडी केला. ज्या बाईनं नवऱ्याला एका शब्दानंही भूतकाळात ढकलू दिलं नव्हतं, तिनं त्याला आता तिकडे ठेवून घेतलं होतं, हात वर, मुसळी उचललेली, खाली यायची राहिलेली. परत आणायला आता इकडे जागा नव्हती, हे तिला माझ्या आधी कळलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी नाक ओढलं नाही. थोड्या वेळानं अक्कानं डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं आणि माणसांना हाका मारून पंगत बसवली. भरीत जरा तिखट कमी होतं. सगळ्यांनी चांगलं झालंय म्हणून सांगितलं.

ऊन उतरलं, तसे लोक निघाले. मीही चपला शोधल्या. अक्का राहा म्हणाली, मी नको म्हणालो. रस्त्याला लागल्यावर मी एकदा मागं वळून बघितलं. मळ्यावरचा धूर अजून सरळ होता. कविता तिकडेच होती. मला मात्र धुळ्याला परत यायचं होतं.